तूट आणि जादा वर्गणी: खजिनदाराचे निवेदन

प्रश्न: मुकुंदवाडीतील गृहनिर्माण संस्थेत टँकरमुळे तूट आली. वार्षिक सभेपुढील निवेदनात खजिनदाराने काय मांडावे?

उत्तर: निवेदनात आधी तूट आणि थकबाकी वेगळी करावी लागते. समजा, २० सदनिकांच्या संस्थेत पाणीपट्टी आणि टँकर मिळून १,८८,००० रुपये खर्च झाला. सभासदांवर पाणी आकारणी १,२०,००० रुपयांची झाली आणि त्यातले ३०,००० अजून येणे आहेत. बँकेत ९८,००० कमी दिसतात, पण खरी तूट ६८,००० रुपयांचीच. उरलेले ३०,००० थकबाकीदारांकडून व्याजासह वसूल करायचे असतात. ते जादा वर्गणीत मिसळले, तर वेळेवर भरणाऱ्यांवर सरळ अन्याय होतो, आणि नेमकी हीच चूक बऱ्याच निवेदनांत सापडते.

आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च सदनिकेतील नळांची संख्या व आकार पाहून वाटला जातो, क्षेत्रफळावर नव्हे. सारख्याच आकाराचे नळ १२ घरांत तीन-तीन आणि आठ घरांत चार-चार असतील, तर एकूण ६८ होतात. नळामागे १,००० रुपये, म्हणजे तीन नळांच्या घराला ३,००० आणि चार नळांच्या घराला ४,०००.

सोबत टँकरची महिनावार बिले जोडावीत. कोरड्या महिन्यांतच फेऱ्या वाढलेल्या दिसल्या की कारण पटते. पावसाळ्यातही त्या तेवढ्याच असतील, तर गळती तपासायला हवी. सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, त्यातून टँकरचा खर्च भागवू नये. वर्गणीचा विषय सभेच्या सूचनेतच छापलेला असावा आणि ठरावात रक्कम, हप्ते व अंतिम मुदत नोंदवावी.