मोरीची जाळी निघत नाही? आधी स्क्रू शोधा

मैत्रिणींनो, आंघोळीचं पाणी घोट्यापर्यंत तुंबलं की आपण जाळी काढायला जातो. ती निघत नाही, मग उलथणं किंवा छिन्नी घालून उचकटतो. अशाने फरशी फुटते. जाळी केसांमुळे अडकलीय असं वाटतं, पण पुष्कळदा तिला मधोमध एक स्क्रू असतो. त्याच्यावर केस आणि साबणाचा थर बसतो, म्हणून तो दिसत नाही.

ओळखायचं कसं? जाळीची एक कड बोटाने हलवून बघा. कडा जराशा हलतात पण मधला भाग जागचा हलत नाही, असं असेल तर स्क्रू आहे असं समजा.

एका गटातल्या ताईंकडे असंच झालं होतं. त्यांनी दोन वेळा ॲसिड ओतलं, तरी पाणी जाईना. घरगुती ॲसिडने केस सहसा विरघळत नाहीत, उलट लोखंडी स्क्रू गंजतो. ॲसिडबरोबर ब्लीचिंग पावडर तर कधीच टाकू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ताईंनी मग भरपूर पाणी ओतून ॲसिड धुऊन काढलं, हातमोजे घातले आणि जुन्या टूथब्रशने, गरम पाणी व साबण लावून जाळीचा मधला भाग घासला. मोबाईलच्या टॉर्चमध्ये फुलीची खाच दिसली. ती खाच सुईने कोरून पूर्ण मोकळी केली.

स्क्रू गंजला होता. त्यावर चार थेंब तेल टाकून त्यांनी अर्धा तास थांबायचं ठरवलं. नंतर खाचेत नीट बसेल असा फुलीचा पेचकस घेतला. पेचकस लहान असेल तर खाच झिजते आणि मग स्क्रू निघणं अवघड होतं. पेचकस घसरायला लागला तर खाचेवर सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा ठेवून वरून दाबा आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने हळू फिरवा.

स्क्रू नुसताच गोल फिरतो पण वर येत नाही, असं झालं तर दुसऱ्या हाताने जाळी वर ओढून धरा. स्क्रू सुटला की लगेच वाटीत ठेवा, नाहीतर तो नळीत पडतो.

जाळी निघाली की केस वाकवलेल्या तारेने वर ओढा. ते आत ढकलू नका, ढकलले तर पुढच्या वळणात गुंततात. ते कचऱ्यात टाका. ताईंच्या मोरीतून मूठभर गुंता निघाला आणि पाणी सरळ गेलं.

परत बसवताना त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू मिळाला तर तोच घ्या. आट्यांना थोडं व्हॅसलीन लावा आणि हाताला अडेल एवढाच आवळा. खाच पूर्ण झिजली असेल तर मात्र ठोकाठोक न करता प्लंबरला बोलवा.