चोवीस हजार डॉलरचं बिल, हातात किती?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीला जर्मनीतून पहिली ऑर्डर आली की मालकाला दोन आकडे पाठ असतात: किलोचा भाव आणि डॉलरचा दर. गुणाकार केला की फायदा तयार. कंटेनर गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी अकाउंटंट सांगतो की त्या ग्राहकाच्या खात्यावर 55 डॉलर बाकी दिसताहेत आणि ते कधीच येणार नाहीत. मग शोध सुरू होतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी.

हिशेबासाठी नमुन्याचं एक बिल धरू. मशीन केलेली कास्टिंग, वीस फुटी एक कंटेनर, 16 टन, किलोला दीड डॉलर, म्हणजे 24,000 डॉलर. भाव एफओबी न्हावा शेवा. 30 टक्के आगाऊ, उरलेले 70 टक्के बिल ऑफ लेडिंगची प्रत पाठवल्यावर. डॉलरचे दर मी सोयीसाठी धरले आहेत, ते आजचे समजू नका. ईआरपी म्हणून ईआरपीनेक्स्ट धरलंय, कारण ते मुंबईत बनलेलं, मुक्त स्रोत आणि आपल्याकडच्या लहान कारखान्यांत बऱ्यापैकी रुळलेलं आहे. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर पडद्यावरची नावं बदलतील, खर्चाच्या जागा त्याच राहतील.

सुरुवात प्रोफॉर्मापासून. प्रोफॉर्मा हे हिशेबाचं बिल नव्हे. त्याने लेजरला काही लागत नाही, जीएसटीच्या विवरणात ते जात नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये त्याचा वेगळा दस्तऐवजही नाही. `Sales Order` चा एक छापील नमुना बनवून त्यावर प्रोफॉर्मा इन्व्हॉइस असं शीर्षक द्यायचं असतं. तरीही अनेक ठिकाणी लोक घाईत `Sales Invoice` चा कच्चा मसुदा काढून तोच पाठवतात. ऑर्डर बदलली की तो मसुदा रद्द होतो, पण ग्राहकाच्या बँकेने पैसे पाठवताना त्याचाच नंबर लिहिलेला असतो. नंतर खरं बिल वेगळ्या नंबरचं निघतं आणि आगाऊ रक्कम कशाची, हे बँकेला पटवत बसावं लागतं.

प्रोफॉर्मावर आठ अंकी एचएसएन कोड, भावाची मुदत, स्विफ्ट कोड आणि `FOB Nhava Sheva, Incoterms 2020` हे तर हवंच. पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी ओळ म्हणजे बँक शुल्क कोणी भरायचं ती. परदेशातून पैसे येताना मधल्या बँका आपला वाटा कापतात. पाठवणाऱ्याने `OUR` हा पर्याय निवडला तर ते शुल्क त्याच्या माथी बसतं. `SHA` निवडला तर मधलं शुल्क तुमच्या रकमेतून जातं. प्रोफॉर्मावर काहीच लिहिलेलं नसेल तर ग्राहकाची बँक सहसा `SHA` लावते. आपले ते 55 डॉलर इथेच गेलेत, पण त्याकडे नंतर येऊ.

आता एफओबीचा खर्च. ईआरपीमधला `Incoterm` हा रकाना म्हणजे फक्त लेबल आहे. तिथे एफओबी निवडलं म्हणून कोणताही खर्च आपोआप कुठे जाऊन बसत नाही. एफओबी भावात माल जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च तुमचा: कोल्हापूर ते न्हावा शेवा ट्रक, कस्टम एजंटाची फी, टर्मिनल हँडलिंग, बिल ऑफ लेडिंगचं शुल्क, कंटेनरचं प्रमाणित वजन आणि लाकडी पॅलेट. शेवटचं मुद्दाम लिहितो. निर्यातीचं लाकडी पॅकिंग आयएसपीएम-15 प्रमाणे प्रक्रिया केलेलं आणि शिक्का मारलेलं लागतं. शिरोलीच्या वखारीतून आणलेले साधे क्रेट चालत नाहीत. पॅलेट बदलण्यात दोन दिवस गेले आणि जहाज चुकलं, तर पॅलेटपेक्षा कंटेनरचं भाडं महाग पडतं.

ही बिलं प्रत्येक शिपमेंटला एक `Project` उघडून त्यावर टाका. पुष्कळ लोक `Landed Cost Voucher` शोधतात. तो खरेदीच्या मालाची किंमत वाढवण्यासाठी आहे, विक्रीच्या खर्चासाठी नाही. तो वापरलात तर स्टॉकची किंमत बिघडेल आणि शिपमेंटचा नफा तरीही कळणार नाही.

ग्राहकाने हॅम्बुर्गपर्यंतचा सीआयएफ भाव मागितला तर जहाजभाडं आणि विमा हे बिलावर वेगळ्या ओळींत दाखवा, किलोच्या दरात मिसळू नका. शिपिंग बिलात एफओबी किंमत वेगळी लिहावी लागते आणि आरओडीटीईपीचा परतावा त्या किमतीवर मोजला जातो. मिसळलेल्या भावातून भाडं नंतर अंदाजाने वेगळं काढणं म्हणजे कस्टमच्या प्रश्नांना आमंत्रण. जाता जाता एक. कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए ही अट जास्त योग्य आहे, कारण आपण कंटेनर टर्मिनलच्या ताब्यात देतो, जहाजावर तो आपण चढवत नाही. एफओबीमध्ये त्या मधल्या काळाची जोखीम तुमच्या डोक्यावर राहते. पण बाजाराच्या तोंडी एफओबी बसलंय, ते सहजी सुटणार नाही.

कागदपत्रांत खर्च येतो तो विसंगतीमुळे. कमर्शियल इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग या चौघांत वजन, पेट्यांची संख्या आणि नंबर जुळलेच पाहिजेत. चूक बहुधा पॅकिंग लिस्टमध्ये होते, कारण ती एक्सेलमध्ये हाताने टाइप केली जाते. ईआरपीनेक्स्टमध्ये `Delivery Note` वरून `Packing Slip` बनते आणि तिच्यात निव्वळ व एकूण वजनाचे रकाने असतात. तिथेच भरा आणि तिथूनच छापा. शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंगचा मसुदा पाठवते तेव्हा तो `Packing Slip` शेजारी ठेवून ओळ-ओळ वाचा. मसुद्यातली दुरुस्ती सहसा फुकट होते, मूळ बिल छापल्यावर तिचे पैसे लागतात. व्यवहार एलसीचा असेल तर बँक प्रत्येक विसंगतीचं शुल्क कापते, आणि एलसीत वेगळी मुदत दिलेली नसेल तर माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद बँकेत जायला हवेत.

कस्टमसाठी एक आणि जीएसटीसाठी दुसरं अशी दोन बिलं काढू नका. बिल एकच, नंबर एकच. आयजीएसटी भरून निर्यात केली असेल आणि शिपिंग बिलातला नंबर जीएसटीआर-1 मधल्या नंबराशी जुळला नाही, तर परतावा `SB005` या त्रुटीवर अडकतो. नंबर 16 अक्षरांच्या आत ठेवा. रक्कम अडकवायचीच नसेल तर एलयूटी भरून आयजीएसटीशिवाय निर्यात करा. एलयूटीला फी नाही, पण ती दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावी लागते. एप्रिलमध्ये हे विसरणारे कमी नाहीत.

आता पैसे. ग्राहकाचं खातं सुरुवातीपासून डॉलरच्या येणे-खात्याला जोडलेलं हवं. पहिली नोंद रुपयांत झाली तर नंतर त्या ग्राहकाचं चलन बदलता येत नाही, नवा ग्राहक उघडावा लागतो. आपलं बिल 85.00 च्या दराने नोंदलं, म्हणजे 20,40,000 रुपये. जीएसटीच्या विवरणासाठी कस्टमने जाहीर केलेला दर लागतो, तो यापेक्षा वेगळा असू शकतो. या दोन दरांचा घोळ करू नका.

आगाऊ 7,200 डॉलर निघाले, पोचले 7,175. बँकेने 84.20 चा दर दिला, खात्यात 6,04,135 रुपये आले. नंतरचे 16,800 डॉलर निघाले, पोचले 16,770, दर 85.60, आले 14,35,512. दोन्ही मिळून 20,39,647. बिलापेक्षा फक्त 353 रुपये कमी! मालक खूश, अकाउंटंट 353 रुपये किरकोळ खर्चात टाकून मोकळा.

हे 353 फसवे आहेत. 55 डॉलर कापले गेले त्याचे 4,673 रुपये झाले. आगाऊ रकमेवर दर 80 पैशांनी कमी मिळाला, तिथे 5,760 गेले. उरलेल्यावर 60 पैसे जास्त मिळाले, तिथे 10,080 आले. म्हणजे दरातून 4,320 चा फायदा झाला आणि बँक शुल्काने तो पूर्ण खाल्ला. `Payment Entry` करताना ग्राहकाकडून मिळालेली रक्कम 7,175 नव्हे, पूर्ण 7,200 डॉलर लिहा, दर 84.20 द्या आणि 2,105 रुपयांचा फरक `Payment Deductions or Loss` मध्ये बँक शुल्क म्हणून टाका. दुसऱ्या हप्त्यात हा फरक 2,568 येईल. दरातला फरक सॉफ्टवेअर वेगळ्या खात्यात नेतं. आगाऊ रकमेवरचा दरफरक विक्रीतच धरायचा की वेगळा, हे तुमच्या सीएला विचारून ठरवा. असं केलंत तर ग्राहकाच्या नावावर 55 डॉलर लटकत राहत नाहीत.

बँकेतही ते लटकू देऊ नका. प्रत्येक शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत उघडं असतं आणि पैसे आल्याची नोंद जुळल्यावरच ते बंद होतं. आगाऊ रकमेला `P0103` आणि नंतरच्या वसुलीला `P0102` हा उद्देश-कोड सांगा, आणि कापलेले डॉलर परदेशी बँकेचं शुल्क म्हणून नोंदवून घ्या. पैसे आणण्याची मुदत पूर्वी 9 महिने होती, नोव्हेंबर 2025 मध्ये ती 15 महिने झाली. ई-बीआरसी आता डीजीएफटीच्या संकेतस्थळावर निर्यातदार स्वतः काढू शकतो, पण बँकेने रकमेची नोंद तिथे चढवलेली असेल तरच.

रूपांतरावर जीएसटीही लागतो, पूर्ण रकमेवर नव्हे, ठरवून दिलेल्या लहान मूल्यावर 18 टक्के. आपल्या दोन हप्त्यांवर तो साधारण 634 आणि 1,068 असा मिळून 1,702 रुपये होतो. सगळे पैसे एकदम आले असते तर 1,177. बँकेकडे तुमचा जीएसटी नंबर नोंदलेला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. एवढ्याशासाठी आगाऊ रक्कम सोडू नका.

खरा खर्च मात्र कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. बँक बाजारभावापेक्षा कमी दर देते, तो फरक. आपल्या 23,945 डॉलरवर फक्त 50 पैसे कमी मिळाले तर 11,972 रुपये गेले, म्हणजे परदेशी शुल्क आणि जीएसटी या दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त. म्हणून `Payment Entry` मध्ये एक जास्तीचा रकाना बनवून घ्या: पैसे वळवले त्या वेळचा बाजारातला दर. सहा महिन्यांनी त्याचा अहवाल काढून शाखेत नेलात तर बोलणी वेगळी होतात. न विचारता रूपांतर करू नये असं बँकेला आधीच लेखी द्या. ईईएफसी खातं असेल तर पुढच्या महिनाअखेरपर्यंत डॉलर तसेच ठेवून योग्य वेळ बघता येते.

सल्लागार वेगळं 'एक्सपोर्ट मॉड्यूल' विकायला आले तर थांबा. पहिल्या दहा-वीस कंटेनरना तीन छापील नमुने, डॉलरचं येणे-खातं, शिपिंग बिलाचे रकाने आणि तो एक बाजारदराचा रकाना एवढं पुरतं. भारताच्या जीएसटीसाठीचं जे जोडअॅप मिळतं त्यात शिपिंग बिल नंबर, तारीख आणि पोर्ट कोड आधीच आहेत. न्हावा शेव्याचा कोड `INNSA1`. मॉड्यूलचे पैसे वाचवा, आणि पुढच्या प्रोफॉर्मावर `OUR` लिहायला विसरू नका.