कमरेतली चमक आणि पायातल्या मुंग्या

प्रश्न : मालकांनी (वय ३८) चार दिवसांपूर्वी ट्रॉलीतून डीएपीची गोणी उतरवली आणि कमरेत चमक भरली. सासूबाई म्हणतात, पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्या. शेजारी बिब्बा लावायला सांगतात. कालपासून डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. दुखणं कमरेचं, ते पायात कसं उतरलं? आणि लाथेनं खरंच बरं होतं का?
— एक वाचक, ता. मानवत, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी लाथेचं सांगतो. नुसती उसण भरली असेल, म्हणजे स्नायू किंवा मणक्यांना बांधणारे पट्टे ताणले गेले असतील, तर पहिले दोन-तीन दिवस ती माणसाला वाकवून ठेवते आणि मग आपोआप उतरू लागते. पायाळूचा शोध लागेपर्यंत नेमके तेवढे दिवस गेलेले असतात, म्हणून श्रेय त्याला मिळतं. पण तुमच्या मालकांची कळ अंगठ्यापर्यंत जाते आहे. त्यांच्या कमरेवर लाथ नको, तुडवणं नको. बिब्ब्यानं तर कातडी भाजून फोड येतात, आतल्या दुखण्याला काही पोचत नाही.

आता पायाचं. दोन मणक्यांच्या मध्ये रबरासारखी चकती असते. हात लांब करून ट्रॉलीतली ५० किलोची गोणी ओढली, तर वजन मणक्यापासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे राहतं. ते तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. म्हणजे त्यांना आठपट, ४०० किलोंचा ताण पेलावा लागतो, आणि तो सगळा चकतीवर दाबला जातो. त्यात कंबर वळवली की चकतीचं मागचं आवरण फाटू शकतं. मोंढ्यातला हमाल दुसऱ्याच्या मदतीनं पोतं थेट पाठीवर घेतो ते उगाच नाही. ओझं मणक्याजवळ राहतं.

चकतीचा गर बाहेर आला की शेजारून पायात जाणारी नस दाबली जाते, सुजते. नस कमरेत दबली तरी कळ तिच्या वाटेनं जाते. अंगठ्यापर्यंतच्या वाटेवरून बहुधा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती असावी, असा अंदाज बांधता येतो.

आज घरीच एक करून पाहा. भिंतीला हात टेकवून त्यांना टाचांवर दहा पावलं चालायला सांगा, मग चवड्यांवर. दोन्ही पाय सारखे उचलले गेले, तर नस दुखावली आहे पण ताकद शाबूत आहे. अशा बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरतं. लगेच एमआरआयची घाई नको. चाळिशीतल्या ज्यांना काहीच दुखत नाही, अशा निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही चकती फुगलेली दिसते. अहवाल वाचून माणूस उगाच घाबरतो.

आठ-आठ दिवस झोपून राहायचा सल्ला आता जुना झाला. फार तर एक-दोन दिवस पडावं, तेही गुडघ्यांखाली उशी घेऊन किंवा कुशीवर. उठताना कुशीवर वळून, हाताला जोर देऊन उठावं. मग दर तासाला घरातल्या घरात, अंगणात चालावं. थोडं दुखलं तरी चालेल, कळ पायात वाढत गेली तर थांबावं. गरम पाण्याच्या पिशवीनं पंधरा-वीस मिनिटं शेकावं, कातडीवर फडकं ठेवून. आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडेच दिवस घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, वाढलेला रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल, तर मेडिकलवरून स्वतः आणून ती घेऊच नये. गोण्या उचलायला मात्र कळ पूर्ण जाईपर्यंत दुसरं कुणी बघा.

टाचेवर उभं राहताना डावा पंजा खाली पडला, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, तर नस कमजोर होते आहे. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारी कळ असेल तर कारण वेगळं, अगदी मणक्याचा क्षयही असू शकतो.

एका गोष्टीला मात्र सकाळपर्यंतही थांबू नका. लघवी भरलेली असून होत नाही किंवा नकळत होते, शौचावर ताबा राहत नाही, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा अख्खा जुडगा दबलेला असू शकतो. तातडीनं शस्त्रक्रिया झाली नाही, तर लघवीचा त्रास जन्माला चिकटतो. १०८ ला फोन करा. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे नांदेडला पाठवलं तर तिथंही त्याच रात्री जा. आणि दारात पोचल्यावर ‘कंबर दुखते’ असं सांगू नका, त्यानं रांगेत बसवतील. ‘लघवी होत नाही, खालचा भाग बधिर आहे’ हेच पहिलं वाक्य बोला.