फ्रेंच 'ओं' मराठीत आणताना

फ्रेंचमधल्या 'ओं' या सर्वनामाचं क्रियापद नेहमी तृतीयपुरुषी एकवचनी असतं. अर्थ मात्र कधी 'आम्ही', कधी 'लोक', कधी 'कुणीतरी', तर कधी चक्क 'तू'. बोलीभाषेत 'नू' म्हणजे 'आम्ही' मागे पडून त्याची जागा बहुतेक वेळा 'ओं'नेच घेतली आहे. इंग्रजी अनुवादक अशा ठिकाणी 'वी' लिहून पुढे जाऊ शकतो. मराठीत ऐकणारा धरून 'आपण' की त्याला वगळून 'आम्ही', हे आधी ठरवावं लागतं. मूळ फ्रेंच शब्द ते सांगत नाही.

काय करावे

प्रत्येक 'ओं'ला माणूस शोधून द्या. एक वाक्य घ्या : 'ओं ना फ्रापे, ओं ना पा उव्हेर.' दार वाजलं, दार उघडलं नाही. पहिला 'ओं' बाहेरचा अनोळखी, दुसरा 'ओं' घरातली माणसं. इंग्रजीत 'समवन' आणि 'वी' अशी दोन सर्वनामं लागतील. मराठीत पहिल्याला सर्वनामच नको : 'दारावर थाप पडली. आम्ही उघडलं नाही.' हेच वाक्य त्या वेळी घरात असलेल्या बहिणीला सांगितलं जात असेल, तर 'आपण उघडलं नाही' असं होईल. म्हणून आधीची दोन पानं वाचा, कोण कुणाशी बोलतंय ते पाहा आणि मगच लिहा.

विशेषणाचं शेपूट तपासा. 'ओं' एकवचनी असला, तरी त्याच्याबरोबर येणारं विशेषण किंवा कृदन्त अर्थाप्रमाणे बदलू शकतं. 'निघालो' या अर्थाच्या 'पार्ती'च्या शेवटी ई आणि एस ही अक्षरं जोडलेली दिसली, तर निघालेल्या सगळ्या बायका आहेत. उच्चारात हे ऐकू येत नाही, फक्त लिखाणात दिसतं. मराठीतली अडचण वेगळीच आहे. 'आम्ही निघालो' हे रूप पुरुषांना आणि स्त्रियांना सारखंच, त्यामुळे ही माहिती गुपचूप गळून पडते. ती कथेला हवी असेल, तर 'आम्ही दोघी निघालो', 'आम्ही साऱ्याजणी निघालो' असं लिहून परत आणा.

रीत सांगणारा 'ओं' मराठी रीतीने सांगा. तोंड भरलेलं असताना 'ओं' बोलत नाही, असं फ्रेंच आई मुलाला बजावते. मराठी आई म्हणेल, 'तोंडात घास असताना बोलू नये.' कर्ता लागतच नाही. 'म्हणतात', 'इथे असं चालत नाही' ही आपली रूपं अशाच जागांसाठी आहेत. 'माणूस'ही वापरा : 'वय झालं की माणूस हळवा होतो.' 'ओं' हा शब्द लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस यातूनच आला आहे, त्यामुळे इथे मराठी त्याच्या मुळाशी जाऊन पोचते.

काय टाळावे

इंग्रजीवरून मराठी करू नका. इंग्रजी अनुवादकाने सर्वसाधारण अर्थाने 'यू' लिहिलेलं असतं, त्याचं मराठीत 'तुम्ही' होतं आणि लेखक वाचकाला उपदेश करू लागतो. 'वन'चं 'एखादा' होतं आणि वाक्य लंगडतं.

'कुणीतरी' आणि '-ण्यात आली' यांचा भडिमार नको. 'ओं'ने सायकल चोरली, तर 'माझी सायकल चोरीला गेली'. 'कुणीतरी चोरली' म्हटलं की लक्ष चोराकडे वळतं. 'चोरण्यात आली' ही तर पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची भाषा.

लाडाच्या 'ओं'ला मानाचं 'आपण' लावू नका. नर्स म्हाताऱ्या रुग्णाला विचारते, 'ओं' नीट झोपला का? त्यात जवळीक असते, थोडा लहान मुलाशी बोलताना लावतात तसा सूरही असतो. 'आपण नीट झोपलात का?' हे स्वागत समितीच्या अध्यक्षांना शोभतं. 'काय आजोबा, झोप लागली ना छान?' इथे सर्वनाम गेलं, सूर राहिला.

सरसकट एकच पर्याय धरू नका आणि हट्टाने 'मी'कडे वळू नका. आनी एर्नो यांचं 'लेज़ आने' (2008) हे आत्मकथन आहे, पण निवेदिका स्वतःला 'मी' म्हणत नाही. ती 'ती' आहे, किंवा 'ओं' आणि 'नू'मध्ये मिसळलेली आहे. युद्धानंतर वाढलेली एक अख्खी फ्रेंच पिढी त्या दोन सर्वनामांत बोलते. मराठीत तिथे पिढीच्या आठवणींना 'आम्ही' बरा, कारण 'आपण' म्हटलं की नॉर्मंडीतल्या रविवारच्या जेवणात मराठी वाचकालाही ओढून बसवल्यासारखं होतं. त्या काळच्या चालीरीती मात्र कर्त्याशिवाय लिहाव्यात. वाक्य सोपं व्हावं म्हणून मध्येच 'मी' घातला, तर लेखिकेने पुस्तकभर जे टाळलं, तेच अनुवादकाने आणलं असं होईल.