फोड करताना डेल्टा कालचा घ्या

सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाल्यापासून लातूर-नांदेडच्या मोंढ्यातले माझ्या ओळखीचे काही जण निफ्टीच्या ऑप्शनकडे वळले. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. संध्याकाळी नांदेडच्या एका आडत्याचा फोन आला. "भाऊ, आयव्ही बसली, म्हणून माझा कॉल मेला." मला पटेना. ज्या दिवशी बाजार कोसळतो, त्या दिवशी आयव्ही सहसा चढते.

निफ्टी २३,२६३.९० वरून २१,८८४.५० वर आला होता, म्हणजे १,३७९ अंक खाली. त्याच्याकडे जूनअखेरचा २३,००० चा कॉल. पुढचे ऑप्शनचे आकडे मी मॉडेलवर काढलेले आहेत, आयव्ही आदल्या दिवशी १८.५ आणि त्या दिवशी २४ धरून. कॉल ६४५ वरून १७६ वर, तोटा ४६९.

त्याने संध्याकाळी स्क्रीनवर दिसणारा डेल्टा घेतला, ०.२३५. त्याला १,३७९ ने गुणून ३२४ आले. थीटाचे ११ सोडून उरलेले १३४ त्याने आयव्हीच्या माथी मारले. पण तो डेल्टा पडझड होऊन गेल्यानंतरचा. दिवसाचा हिशेब आदल्या दिवशीच्या बंदच्या ग्रीक्सवर करायचा असतो.

तिथे डेल्टा ०.६४१ होता, म्हणजे तोटा ८८४. कॉलची किंमतच ६४५, तर ८८४ जातील कसे? ते गॅमा भरून काढतो: घसरणीत डेल्टा लहान होत जातो. अर्धा गुणिले ०.०००३३९ गुणिले १,३७९ चा वर्ग, म्हणजे साधारण ३२२ परत. व्हेगा २२.३, आयव्ही साडेपाच अंकांनी वर, म्हणून आणखी १२३ परत. थीटाचे ११ वजा. बेरीज उणे ४५०. ज्या आयव्हीला तो शिव्या घालत होता, तिनेच त्याला हात दिला होता.

उरलेले १९ कुठे गेले? निफ्टी २३,००० पासून इतका दूर गेला की व्हेगाच २२ वरून १७ वर आला. तो दिवसभर तेवढाच धरला, म्हणून १२३ जास्त दिसले. एवढ्या मोठ्या दिवसाचे दोन तुकडे करून दुपारी ग्रीक्स पुन्हा काढले, तर ही तफावत कमी होते. शांत दिवशी मात्र ती जेमतेम रुपया-दोन रुपये असावी. जास्त निघाली तर आधी भाव तपासा. कमी उलाढालीच्या स्ट्राइकचा शेवटचा सौदा दुपारचा असू शकतो आणि आपण तो साडेतीनच्या निफ्टीशी जोडतो. इंडिया व्हिक्सही आपल्या स्ट्राइकची आयव्ही नव्हे. ती त्या ऑप्शनच्या भावातूनच काढावी.

"बसलेली आयव्ही उद्या चढेल" म्हणून त्याने आणखी एक कॉल घेतला होता. ५ जूनला निफ्टी ७३६ अंक वर गेला आणि व्हिक्स २७ च्या आसपासवरून १९ च्या खाली आला. डेल्टा-गॅमाने २३६ दिले. आयव्ही १८ वर आली असे धरले, तर व्हेगाने त्यातले साधारण १०० नेले. तरी नफा होता, म्हणून त्या दिवशी त्याने फोड केलीच नाही.