कार्ड नवे, वर्गणी जुनी

माझी धाकटी बहीण धारवाडात राहून प्रबंधाचे काम करते. जुन्या हस्तलिखितांचे शेकडो फोटो तिने एका साठवणुकीच्या अॅपमध्ये ठेवले आहेत. त्याची दरमहा १३० रुपयांची वर्गणी माझ्या डेबिट कार्डावरून जात असे. गेल्या सप्टेंबरात तिचा फोन आला, "दादा, अॅप म्हणतंय जागा संपली. नवे फोटो चढतच नाहीत. मार्गदर्शकांना परवा दाखवायचे आहेत." खात्यात पैसे तर होते!

झाले होते ते असे. माझ्या कार्डावर ०८/२५ अशी मुदत छापलेली होती. म्हणजे ते ऑगस्ट २०२५ च्या अखेरच्या दिवसापर्यंत चालणार. बँकेने नवे कार्ड आधीच टपालाने पाठविले. त्याचा क्रमांकही नवा होता. मी एटीएमवर पिन बसविला, जुने कार्ड कात्रीने कापले आणि काम संपले असे समजलो. सप्टेंबरच्या ५ तारखेला अॅपने पैसे मागितले, ते जुन्याच कार्डावर.

येथे थोडे थांबून हे पाहिले पाहिजे की अॅपकडे आपले कार्ड असते म्हणजे नेमके काय असते. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्या देशात दुकानदाराला किंवा अॅपला कार्डाचा पूर्ण क्रमांक जपून ठेवता येत नाही. त्याच्याजवळ असते ते एक टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी दिलेला पर्यायी आकडा. ते एकाच कार्डासाठी आणि एकाच दुकानदारासाठी असते. अॅपच्या पडद्यावर दिसणारे शेवटचे चार अंक केवळ आपल्या ओळखीपुरते होत. परदेशांत बरेचदा कार्ड कंपन्याच नवा क्रमांक दुकानदाराला परस्पर कळवितात आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे मात्र कार्ड बदलल्यावर ते जुन्या दुकानदारांशी पुन्हा जोडण्यास ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. कदाचित न वाचलेल्या संदेशांत ते गेलेही असेल.

दुसरी गाठ ई-मँडेटची. दरमहा आपोआप पैसे कापण्याची ही परवानगी एकदा ओटीपी देऊन नोंदवावी लागते. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीस ओटीपी लागत नाही, पण किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते. माझी नोंद जुन्या कार्डावर होती आणि ती नव्यावर आली नाही. खरे तर मला ४ तारखेलाच कळायला हवे होते, कारण दर महिन्याला येणारा तो संदेश त्या दिवशी आलाच नाही. न आलेल्या संदेशाकडे कोण लक्ष देतो!

मग मी अॅपमध्ये नवे कार्ड घातले. तेही नाकारले गेले, आणि ओटीपीसुद्धा आला नाही. माझा सगळा गोंधळ येथेच झाला. क्रमांक, मुदत, मागील तीन अंक मी तीनदा तपासले. शेवटी हुबळीच्या शाखेत गेलो. तेथील कारकुनाने विचारले, "सर, ऑनलाईन वापर चालू केलाय का?" ऑक्टोबर २०२० पासून नवे किंवा बदलून दिलेले कार्ड केवळ देशातील एटीएमवर आणि दुकानातील यंत्रावर चालेल असेच येते. ऑनलाईन आणि परदेशी व्यवहार ज्याचे त्याने चालू करायचे असतात. पिन बसविल्याने ते चालू होत नाहीत. ओटीपी येण्याआधीच नकार आला तर प्रथम ही कळ पाहावी. ओटीपी देऊनही नकार आला तर मँडेटच्या नोंदणीकडे किंवा खात्यातील शिलकीकडे वळावे.

बँकेच्या अॅपमध्ये मी ऑनलाईन वापर चालू केला आणि मर्यादा ५०० रुपये ठेवली. मग कार्ड घातले, ओटीपी दिला, मँडेट नोंदले आणि जुने कार्ड यादीतून काढले. हा शेवटचा भाग विसरू नये, नाहीतर मुख्य कार्ड म्हणून जुनेच राहते.

कार्ड बंद पडले म्हणजे वर्गणी आपोआप रद्द झाली, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. अॅपच्या वहीत ती चालूच असते, काही दिवस ते पुन्हा पुन्हा पैसे मागत राहते. नको असेल तर अॅपमध्ये जाऊन रद्दच करावी लागते. ज्यांना कार्डाची ही कटकट नको त्यांच्यासाठी २०२० साली आलेली यूपीआय ऑटोपे ही सोय आहे. तिची परवानगी बँक खात्यावर असते, म्हणून कार्ड बदलले तरी ती अडत नाही. खाते बदलले तर मात्र तीही नव्याने द्यावी लागते.

मी हे सारे ९ सप्टेंबरला उरकले आणि त्या रात्रीच बहिणीचे फोटो चढू लागले. ८ ऑक्टोबरला बँकेचा संदेश आला: उद्या १३० रुपये कापले जातील.