मसुदा यंत्राचा, नाव तुमचं?

प्रश्न : मी संस्थांच्या स्मरणिका आणि गौरवग्रंथ लिहून देण्याचं काम करते. सध्या एका पतसंस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हातात आहे. जुन्या संचालकांच्या मुलाखतींचं भरपूर ध्वनिमुद्रण झालं आहे, शिवाय पन्नास वर्षांच्या वार्षिक अहवालांचा गठ्ठा आहे. मुलाखती उतरवणं, सारांश काढणं, कच्चा मसुदा लिहिणं, हे सगळं आता एआय करून देतं. त्यातलं किती करून घ्यावं? आणि संस्थेला सांगावं का? सांगितलं तर ‘मग पैसे कशाचे?’ असं विचारतील, ही धास्ती आहेच.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘कच्चा मसुदा यंत्राचा, शेवटचा हात माझा’ अशी वाटणी बरेच जण करतात. तुमच्या कामात ती उपयोगाची नाही, कारण चूक आणि सपाटपणा दोन्ही कच्च्या मसुद्यातूनच आत येतात आणि शेवटच्या हाताला दिसत नाहीत. मी वेगळी रेघ ओढतो. यंत्रानं दिलेलं ताडून बघायला मूळ वस्तू तुमच्याकडे आहे का? असेल तर खुशाल वापरा. नसेल तर ते काम तुमचं.

मुलाखत उतरवण्यापुरतं ही रेघ सोयीची आहे. मूळ आवाज तुमच्याकडे आहे, तेव्हा यंत्राला उतरवू द्या आणि मग कानाला लावून वाचा. इथे एक सवय मोडावी लागते. आपण उतारा वाचतो आणि विचित्र वाटेल तिथेच आवाज ऐकतो. पण खरी चूक विचित्र वाटत नाही. समजा, एक संस्थापक सांगतात, ‘‘पयल्या दिवशी पावणेदोनशे रुपये जमले, तेबी सगळे सुटे.’’ उताऱ्यात ‘पावणे’ गळून ‘दोनशे’ उरलं, तर वाक्य धडधाकटच दिसतं. म्हणून आकडा, सन आणि माणसाचं नाव आलं की आवाज ऐकायचाच, शंका असो वा नसो. सव्वा, दीड, पावणे यांच्यापाशी तर हटकून थांबायचं.

दुसरी जागा शांततेची. ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ या उतरवणाऱ्या साधनाची अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासणी केली. ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी ध्वनिमुद्रणाच्या सुमारे एक टक्का तुकड्यांत कोणी न बोललेली वाक्यं घुसली होती, आणि बोलताना जास्त वेळ थांबणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक घडत होतं. तुमचे ऐंशीच्या घरातले संचालक आठवत आठवत बोलणार, मध्येच गप्प होणार. अशा थांब्यानंतरचं वाक्य फारच सुबक आलं असेल तर संशय घ्या.

आता सारांश आणि मसुदा. मूळ रेकॉर्डिंग हाताशी असल्यानं सारांशही ताडून बघता येईल असं वाटतं, पण तो मुलाखतीतून काय निवडायचं हेच ठरवून टाकतो. वरचं वाक्य सारांशातून मसुद्यात जाताना ‘अत्यल्प भांडवलावर संस्थेचा शुभारंभ झाला’ असं होऊन बाहेर येतं. यात खोटं काहीच नाही. फक्त सुटे पैसे गेले, आणि ते कोणी आणले असतील हा विचारही गेला. सुटे म्हणजे भाजीवाल्या, हमाल, रोजावर जाणारी माणसं. पुढच्या भेटीत विचारायचा प्रश्न तिथेच होता. सारांशावरून लिहिणाऱ्याला तो सुचत नाही. म्हणून सारांश करूनच घ्यायचा असेल तर स्वतःचं टिपण झाल्यावर, काही राहिलं का ते बघण्यापुरता.

मसुद्यात याहून मोठा धोका आहे. दोन घटनांमध्ये मोकळी जागा दिसली की यंत्र ती पटेलशी भरतं. तुमची संस्था १९७५ ची असेल, तर ‘१९७२ च्या दुष्काळानं होरपळलेल्या शेतकऱ्यांना आधार देण्यासाठी’ असं वाक्य येण्याची दाट शक्यता आहे. दुष्काळ खरा, सालही खरं. पण तुमच्या मुलाखतींत दुष्काळाचा उल्लेख कोणी केलाच नसेल आणि संस्था बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी काढली असेल, तर हे वाक्य म्हणजे बनवलेला इतिहास. पुढच्या स्मरणिकेत तेच पुरावा म्हणून उद्धृत होईल.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. कामाच्या प्रतीत प्रत्येक विधानापुढे समासात त्याचा उगम लिहा : मुलाखत क्रमांक आणि मिनिट, किंवा अहवालाचं वर्ष आणि पान. ज्याला उगम मिळत नाही ते विधान खोडा, कितीही चांगलं जमलं असलं तरी. छपाईला जाताना समास काढून टाका, प्रत मात्र जपून ठेवा. एखाद्या माजी अध्यक्षांच्या मुलानं ‘आमचे वडील असं बोललेच नाहीत’ म्हटलं, तर तीच उपयोगी पडते.

वेगळेपणाची कसोटी याहून सोपी. परिच्छेदातलं संस्थेचं नाव झाका आणि शेजारच्या तालुक्यातल्या पतसंस्थेचं घाला. तरीही तो शोभला, तर तो तुम्ही लिहिलेला असो वा यंत्रानं, काढून टाका. ‘लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष’ तर यंत्र येण्याआधीपासून आपणच छापत आलो आहोत, हेही मान्य करू या.

वार्षिक अहवालांतल्या ठेवी, कर्जं, सभासदसंख्या यांचा तक्ता यंत्राकडून जरूर काढून घ्या. जुन्या खिळ्यांच्या छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, एवढं ध्यानात ठेवा. अहवालात बहुधा मागच्या वर्षाचा आकडाही दिलेला असतो. त्याच्याशी आदल्या वर्षीची नोंद जुळली नाही, की कुठे बघायचं ते कळतं.

सांगावं का? सांगावं, आणि आधी सांगावं. २०२५ मध्ये डेलॉइटनं ऑस्ट्रेलियाच्या सरकारला दिलेल्या, सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किमतीच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ सापडले. एका न्यायालयीन निकालाच्या नावावर खोटं अवतरणही होतं. एआय वापरल्याचा उल्लेख सुधारलेल्या प्रतीत आला, पहिल्या प्रतीत नव्हता, आणि कंपनीला पैशांचा काही भाग परत करावा लागला. बाहेरच्या माणसानं चूक दाखवल्यावर दिलेली कबुली ग्राहकाला लपवाछपवीसारखीच वाटते.

पतसंस्थेत तर आणखी एक गोष्ट आहे. संचालक बोलता बोलता थकबाकीदारांची नावं घेतात, कोणाचं घर लिलावातून वाचवलं ते सांगतात. असं ध्वनिमुद्रण फुकटच्या संकेतस्थळावर चढवू नका. २०१७ मध्ये नॉर्वेच्या स्टॅटऑइल या तेल कंपनीची, ऑनलाइन भाषांतर सेवेत टाकलेली कागदपत्रं साध्या गूगल शोधात सापडत असल्याचं तिथल्या एनआरके या प्रसारण संस्थेनं उघड केलं होतं. त्यात करार होते, पासवर्डसुद्धा होते. ‘व्हिस्पर’सारखं साधन आपल्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालवता येतं. जरा हळू चालेल, इतकंच.

करारपत्रात दोन-तीन वाक्यं पुरतात : ‘मुलाखती उतरवण्यासाठी व अहवालांतील आकडे संकलित करण्यासाठी संगणकीय साधनांचा वापर होईल. सर्व मजकूर लेखिका स्वतः लिहील. ध्वनिमुद्रण बाहेरच्या कोणत्याही सेवेकडे दिले जाणार नाही.’ यातलं मधलं वाक्य पाळणार नसाल, तर लिहू नका.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. ठोक रक्कम सांगण्याऐवजी मुलाखती, उतरवणी, पडताळणी आणि लेखन असे चार भाग पाडून दर द्या. उतरवणीचा खर्च कमी झाला आहे, तो कमी दाखवा. पडताळणीचे तास वाढले आहेत, ते वाढवून लावा. ‘मग पैसे कशाचे?’ असं कोणी विचारलं, तर समासातले उगम लिहिलेलं एक पान त्यांच्यासमोर ठेवा. आणि संचालक मंडळाला यंत्र मुळीच नको असेल, तर हातानं उतरवण्याचा जुना दर सांगून मोकळ्या व्हा. निर्णय त्यांना घेऊ द्या.